टॅरोला प्रश्न कसा विचारावा? नुसतं हो-नाही पुरत नाही का?

चाफा: मी डोंबिवलीहून रोज फोर्टला जाते. ऐरोलीच्या एका कंपनीची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ‘नोकरी बदलू का?’ असं विचारून एक कार्ड काढलं, टू ऑफ स्वोर्ड्स आलं. डोळ्यांवर पट्टी, छातीवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी. हे हो समजू की नाही?

ठाणेकर: प्रश्न ‘का’ किंवा ‘कसं’ लावून विचारायचा, म्हणजे उत्तर आपोआप नेमकं येतं. मी ‘मला प्रमोशन का मिळत नाही?’ असंच विचारतो.

कोपऱ्यातली खिडकी: ठाणेकर, ‘कसं’ ठीक आहे, ‘का’ मात्र फसवा आहे. ‘का मिळत नाही’ला कुठलंही कार्ड लावा, काहीतरी कारण सापडतंच आणि ते खरं की खोटं हे कधीच कळत नाही.

चाफा, तुमचं कार्ड तुमची आत्ताची अवस्थाच दाखवतंय, निर्णय अडलाय. ७८ कार्डांत बहुतेक चित्रं एखादी परिस्थिती दाखवतात, होकार-नकार नाही. म्हणून प्रश्नही परिस्थितीचाच हवा. त्यात तीन गोष्टी घाला: कोण काय करणार, किती काळात, आणि नेमकी कुठली बाजू पाहायची. शिवाय कार्ड काढण्याआधी प्रश्न वहीत लिहून ठेवा, नाहीतर कार्ड पाहिल्यावर तो नकळत बदलतो.

तुमच्यासाठी मी तीन प्रश्न करीन. ऐरोलीला गेले तर पहिल्या तीन महिन्यांत माझ्या रोजच्या कामात काय बदलेल? फोर्टलाच राहिले तर त्याच तीन महिन्यांत काय चालू राहील? आणि शुक्रवारच्या आत कंपनीला काय विचारून घ्यायला हवं? प्रत्येकाला एकच कार्ड.

लालबागची गच्ची: आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, भाडं वेळेवर येत नाही. मी विचारलं, ‘बिल्डर चावी कधी देईल?’ एका ताईंनी वाँड्स आलं म्हणून काही आठवडे सांगितले. अजून चावी नाही.

कोपऱ्यातली खिडकी: दादा, ‘कधी’ हा टॅरोचा सगळ्यात कच्चा भाग. वाँड्स म्हणजे कुणी दिवस धरतं, कुणी आठवडे, एकमत नाही. शिवाय बिल्डर काय करील ते तुमच्या हातात नाही. ‘थकलेल्या भाड्यासाठी या महिन्यात सोसायटीकडून मी काय करून घ्यावं?’ असं विचारा. करार मात्र वकिलालाच दाखवा.

नीलमोहर: मला हे पटत नाही. हो-नाहीलाही शिस्त असते. सुलटं म्हणजे हो, उलटं म्हणजे नाही, हे आधी ठरवलं की उत्तर स्वच्छ मिळतं. लांबलचक प्रश्नातून लोक आपल्याला हवं तेच वाचतात.

कोपऱ्यातली खिडकी: आधी ठरवण्याचा मुद्दा मान्य. पण मग नाणंही चालेल, चित्राचं काय काम? आणि ‘नाही’ आलं तर चाफाला कशामुळे नाही हे कुठून कळणार?

परखड: १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. त्यांनी तो अचूक आहे म्हणून ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कार्डांचंही तेच होतं. नेमकेपणा प्रश्न विचारणाऱ्याचा असतो, कार्डाचा नाही.

कोपऱ्यातली खिडकी: म्हणूनच मुदत आणि बाजू घालायला सांगते. ‘बदल येतोय’ हे कुणालाही लागू पडतं. ‘तीन महिन्यांत कामाचा बोजा वाढेल’ हे चुकू शकतं, आणि चुकलं तर वहीत दिसतं.

चाफा: काढली. ऐरोलीसाठी टेन ऑफ वाँड्स, दहा काठ्यांचा भारा घेऊन वाकून चाललेला माणूस. फोर्टसाठी फोर ऑफ कप्स, झाडाखाली हात बांधून बसलेला, समोर आलेला पेला न घेणारा. तिसरं थ्री ऑफ पेंटॅकल्स, पाथरवट आणि आराखडा धरून उभी दोन माणसं.

कोपऱ्यातली खिडकी: पहिलं आणि तिसरं एकत्र वाचा. ओझं एकट्यावर, आणि कारागिराचं काम तिघांत. मी विचारीन: टीममध्ये किती जण, कोण कुठलं काम करतं, सोडून गेलेल्याची जागा मीच भरतेय का? फोर ऑफ कप्स मला कंटाळा वाटतो, पण तिथे काय नको झालंय ते तुम्हालाच ठाऊक.

परखड: हे तिन्ही प्रश्न कुठल्याही नोकरीला विचारायलाच हवेत. कार्डांची गरज काय होती?

नीलमोहर: फोर ऑफ कप्समधला पेला मी ऐरोलीची ऑफर म्हणून वाचीन. म्हणजे घ्या.

चाफा: एचआरला मेल टाकलाय. टीम किती जणांची आणि ही जागा का रिकामी झाली, एवढं विचारलंय. ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीचा प्रवास उद्या सकाळी करून बघते, तो तर प्रश्नात घातलाच नव्हता.