फोटो नियमित, उत्तर ऐच्छिक

"फोटो टाकले की अमेरिकेतली मंडळी पाहतात, पण उत्तर देत नाहीत, मग ग्रुप चालू कसा ठेवायचा?"

व्हॉट्सॲपवर वाचल्याची निळी खूण वैयक्तिक संभाषणापुरती बंद करता येते, ग्रुपमध्ये नाही. त्यामुळे कोणी पाहिले हे पाठवणाऱ्याला दिसते आणि उत्तराचा तगादा तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे ठरले आहे की साप्ताहिक फोटोंना उत्तर अपेक्षित नाही, आणि ज्याच्याकडून उत्तर हवे त्याला वेगळा निरोप जातो. दर रविवारी सकाळी साडेआठला वहिनी चार-पाच फोटो पाठवतात. तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारचे रात्रीचे आठ, हिवाळ्यात सात वाजलेले असतात आणि मुले जागी असतात. प्रत्येक फोटोखाली एक पूर्ण ओळ असते: "अंगणातल्या हापूसला मोहोर आला, पलीकडे उभी आहे ती सुमाआत्याची नात." तिकडे वाढलेल्या मुलांना नाती अशा ओळींतूनच कळतात. सुप्रभाताचे संदेश मात्र वेगळ्या ग्रुपमध्ये हलवावेत, कारण त्यांच्या गर्दीला कंटाळून माणसे ग्रुप म्यूट करतात आणि आजोबांच्या शस्त्रक्रियेची बातमीसुद्धा त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते. जुने, छापण्याजोगे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. एरवी त्यांचा दर्जा घटतो.