मदत हवी आहे: कथेच्या इंग्रजी अनुवादात जिथं तिथं 'हॅड' झालंय

हरिपूरची: मामांनी २०१९ च्या पुरावर लिहिलेली कथा मी इंग्रजीत करतेय. वाचणारे म्हणतात, काळ चुकलेत आणि भाषा अवघडलेली वाटते. हा तुकडा बघा:

"पाणी ओट्याला लागलं होतं. आजी उंबऱ्यावर बसली होती. शेजारचा पोरगा सकाळीच नाव घेऊन आला होता, पण तिनं त्याला परत पाठवलं."

माझं इंग्रजी: 'द वॉटर हॅड टच्ड द व्हरांडा. ग्रँडमदर हॅड सॅट ऑन द थ्रेशोल्ड. द नेबर्स बॉय हॅड कम विथ अ बोट इन द मॉर्निंग ओन्ली, बट शी सेंट हिम बॅक.'

मिरजकर: सोपं आहे. सगळे 'हॅड' काढा. गोष्ट साध्या भूतकाळातच सांगतात.

तात्या विटेकर: माझाही एक अर्ज इंग्रजीत करायचाय, पुराच्या भरपाईचा. कोणी करून देईल का?

कराडची अनुवादक: तात्या, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं सांगते.

मिरजकर, सगळे काढले तर पोरगा आत्ता, आजी बसलेली असतानाच आला असं होईल. तो तर सकाळीच येऊन गेलाय. मराठीत तिन्ही ठिकाणी 'होता-होती-होतं' आहे, पण कामं वेगळी आहेत. पाणी आधीच पोचलंय, तिथं 'हॅड रीच्ड' बरोबर. 'टच' मात्र निसटता स्पर्श वाटतो. आजी त्या क्षणी बसलेलीच आहे, म्हणून 'वॉज सिटिंग'. झोपली होती, नेसली होती, हातात धरलं होतं, सगळ्यांचं तसंच: 'वॉज अस्लीप', 'वॉज वेअरिंग', 'वॉज होल्डिंग'. पोरगा आधी आला, तिथं 'हॅड कम' ठेवा.

गंमत पुढंच आहे. 'परत पाठवलं' ला मराठीत 'होतं' नाही, पण तेही सकाळचंच. नुसतं 'सेंट' वाचून वाटतं, तिनं त्याला आत्ता हाकललं. 'बट शी हॅड सेंट हिम अवे' करा.

आणि 'सकाळीच' मधल्या 'च' साठी 'ओन्ली' नको, तो आपल्याकडचा इंग्रजीचा खाक्या. 'अर्ली दॅट मॉर्निंग' म्हटलं की झालं.

हरिपूरची: हे डोक्यात बसलं! म्हणजे प्रत्येक 'होता' पाशी थांबून विचारायचं, त्या क्षणी चालू आहे की आधी होऊन गेलंय?

कराडची अनुवादक: हो. पण आधीच्या गोष्टी चार-पाच वाक्यं चालल्या तर पहिल्या एक-दोन क्रियापदांनाच 'हॅड' पुरतं. पुढं साधा भूतकाळ, नाहीतर वाचक कंटाळतो.

हरिपूरची: अजून एक. पाणी आत शिरतं तिथं मामा अचानक वर्तमानात जातात: "पाणी आत येतं. चूल विझते. आजी उठत नाही." इंग्रजीतही वर्तमानच ठेवू?

मिरजकर: नको, एका गोष्टीत दोन काळ म्हणजे चूकच.

कराडची अनुवादक: चूक नाही, पण इंग्रजीत हा बदल जास्त डोळ्यात भरतो. मी स्वतंत्र परिच्छेद करून वर्तमान ठेवला असता. माझी संपादक नेहमी उलट सांगते, आणि दर वेळी माझं तिच्याशी वाजतं. मामा हयात असतील तर त्यांनाच विचारा, हे मुद्दाम केलंय की ओघात झालं.

हरिपूरची: आहेत की. रविवारी विचारते.