चौघे चार गावांत, व्हिडिओ कॉलवर अभ्यास जमेना. सल्ला हवा

उजळाईवाडीकर:
आम्ही चौघे एमपीएससीच्या कंबाइन पूर्व परीक्षेची तयारी करतोय. मी कोल्हापुरात, दोघे पुण्यात, एक सोलापुरात. पूर्वी रोज एकाच अभ्यासिकेत बसायचो. आता रात्री नऊला कॉल लावतो. पहिली पंधरा मिनिटं "अजून तो आला नाही" यात जातात, मग कुणीतरी निकालाचा विषय काढतो, आणि साडेदहाला कळतं की एकाचंही पान उलटलेलं नाही. कॅमेरा चालू ठेवायचा की बंद, किती वेळ बसायचं, विषयावर कसं राहायचं? ज्यांचं जमलंय त्यांनी सांगा.

मिसळ_कट_वेगळा:
ऑनलाइन क्लास लावा की. राजारामपुरीत दोन-तीन ठिकाणी रेकॉर्डेड लेक्चर पण देतात.

उजळाईवाडीकर:
क्लास नको भावा, क्लास आहेच. एकत्र बसायचं आहे.

चिंतामणी_७७:
गूगल मीट वापरा, त्याला वेळेची मर्यादा नाही. आणि कॅमेरे बंद ठेवा, नेट वाचतं.

गंगावेस_तालीम:
चिंतामणी, अर्धं बरोबर. फुकटच्या मीटला २४ तास मिळतात ते दोघांपुरते. तिघे झाले की ६० मिनिटांनी कॉल तुटतो. झूमचा ४० ला. नेटचंही तसंच: तुम्ही स्वतःचा कॅमेरा बंद केला तरी बाकी तिघांचं चित्र तुमच्याकडे येतच राहतं, जास्त डेटा तिकडे जातो. ज्याचा पॅक कमी त्याने समोरच्यांचा व्हिडिओ बंद करावा.

आता मूळ प्रश्न. आम्ही तिघे गेल्या वर्षी असंच बसायचो, पहिला महिना वाया गेला. फरक पडला तो कॅमेरा चेहऱ्यावरून वहीवर वळवल्यावर. पुस्तकांची चळत रचायची, वर फोन आडवा, मागचा कॅमेरा चळतीच्या कडेबाहेर, तोंड खाली, चौकटीत फक्त वही आणि हात. चेहरा दिसला की बोलावंसं वाटतं, हात दिसला की लिहावंसं वाटतं. शिवाय फोन कॅमेऱ्याच्या कामाला लागला की व्हॉट्सअॅप चाळायला हातात उरतच नाही. खरा फायदा तो. फोन तापतो, एवढं धरून चला. चार्जर लावून वर कव्हर ठेवू नका.

वेळेचं असं. पूर्वला १०० प्रश्न, ६० मिनिटं. म्हणून आम्ही २५ प्रश्नांचा एक गठ्ठा १५ मिनिटांत सोडवायचो, तोच वेग. माइक बंद. वेळ संपली की सगळ्यांनी उत्तरं चॅटमध्ये टाइप करून ठेवायची, "तीन" म्हटल्यावर एकदम पाठवायची. आधी एकाने पाठवलं तर दुसरा नकळत आपलं बदलतो. मग ज्यात उत्तरं जुळत नाहीत तेवढ्यांवरच बोलायचं. शिवाय सगळ्यांचं जुळून चूक निघणारे प्रश्न उत्तरतालिकेवरून शेवटी.

एका रात्रीचं सांगतो. २५ पैकी ७ जुळले नाहीत. प्रत्येकी दोन मिनिटं, एक जण घड्याळ धरून. पंचायत राजच्या एका प्रश्नावर दोघे अडून बसले. दोन मिनिटं झाली, तो "नंतर"च्या वहीत गेला, दुसऱ्या दिवशी ज्याने लिहून घेतला त्याने पुस्तक उघडून सांगितला. तिथे भांडत बसलो असतो तर राहिलेले चार बुडाले असते. सगळं मिळून ३५ मिनिटं. पाच मिनिटं मोकळी, म्हणजे झूमच्या ४० मध्ये बसतं. आपोआप तुटणारा कॉल हीच शाळेची घंटा. पुढचा कॉल दहा मिनिटांनी, मधल्या वेळात पाहिजे तेवढं निकालाचं बोला.

उशिरा येणाऱ्याला कुणी "काय रे" सुद्धा म्हणायचं नाही. तो चालू गठ्ठ्यात शिरतो, उरलेल्या मिनिटांत जमेल तेवढे सोडवतो. आमच्यातला एक रोज नऊ-वीसला यायचा, तीन दिवसांत नऊला यायला लागला.

शाहुपुरीची_लेक:
आमच्या घरी एकच खोली. आजी, भावाची टीव्हीची मालिका, मागून आईची ये-जा. कॅमेरा चालू ठेवायला लागला म्हणून मी गट सोडला होता. सगळ्यांना नियम एकच कशाला?

गंगावेस_तालीम:
ताई, वहीवर वळवला तर खोली दिसत नाही. पण आवाजाचं माझ्याकडे उत्तर नाही. माइक बंद असला तरी टीव्ही तुमच्या कानात आहेच.

शाहुपुरीची_लेक:
तेच तर. आणि वहीसुद्धा मला दाखवायची नसते, अक्षर बघून हसतात.

चिंतामणी_७७:
मग ताईंनी सोडवलेल्या गठ्ठ्याचा फोटो शेवटी टाकावा. कॅमेऱ्याचं काम तेवढंच ना, कुणी बसलंय का ते कळावं.

गंगावेस_तालीम:
फोटो शेवटी येतो, तोवर मध्ये कोण फोनवर होतं कळत नाही. आमच्यात असं एकाने केलं आणि महिनाभर कुणाला पत्ता नव्हता. पण तिच्या बाबतीत मी हट्ट धरणार नाही.

उजळाईवाडीकर:
आज २५ चा गठ्ठा लावला. सोलापूरवाल्याने "तीन" म्हणायच्या आधीच उत्तरं पाठवली. ७ नाही, ११ जुळले नाहीत. फोन गॅसच्या लायटरच्या डब्यावर टेकवला होता, तो दोनदा पडला. उद्या चळत रचतो.