मदत हवी आहे: हॉस्पिटलवर निष्काळजीपणाचा आरोप, कागद आहेत, डॉक्टरांचं मत आहे, तरी संपादक बातमी सोडत नाहीयेत

घाईतला_बातमीदार
पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये चुकीची नळी कापली अशी केस आहे. नवऱ्याची मुलाखत झालीय, सगळे कागद आहेत, एका सर्जननी स्पष्ट सांगितलंय की हा निष्काळजीपणाच आहे. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणे आम्ही पेशंटबद्दल बोलत नाही. संपादक म्हणतायत एकतर्फी आहे. उद्या संध्याकाळी पान लागायचंय, अजून काय जोडू म्हणजे बातमी जाईल? प्लीज लवकर सांगा.

कायदेपंडित
सोप्पंय. प्रत्येक वाक्यात 'आरोप आहे' घाला, 'नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार' घाला, विषय संपला. तुम्ही फक्त त्यांचं म्हणणं छापताय.

जुनी_डेस्कवाली
पंडित, अर्धंच सांगताय. कुणाच्या तरी तोंडचा आरोप छापला तरी तो आपण छापलेला असतो, तो तपासायला काय केलं ते दाखवावंच लागतं. बातमीदार, 'सगळे कागद' म्हणजे नेमके कुठले? पेशंट हयात आहे का? आणि त्या सर्जननी कागद बघितले का नुसतं ऐकलं?

घाईतला_बातमीदार
हयात आहेत हो, दुसऱ्या हॉस्पिटलात दुसरं मोठं ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. कागद म्हणजे पहिल्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि दुसऱ्या हॉस्पिटलची फाइल. सर्जन माझ्या ओळखीचे आहेत, फोनवर सगळं सांगितलं त्यांना.

सुनंदाची_आई
आमच्याकडे पण असंच झालं, डिस्चार्जच्या दिवशी बिलात हातमोज्यांचे एवढे पैसे लावले की विचारू नका. तुम्ही आधी इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, ते चौकशी लावतात.

टाका_घालणारा
मी सर्जन आहे, राग येईल पण बोलतो. पित्तनलिकेला इजा होणं हे या ऑपरेशनचं माहीत असलेलं कॉम्प्लिकेशन आहे, हजारात तीन-चार-पाच अशा प्रमाणात होतं, अनुभवी हातातूनसुद्धा. सूज असेल तर नळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि इजा झाली तरी बऱ्याचदा टेबलवर कळतच नाही. त्यामुळे 'नळी कापली म्हणजे निष्काळजीपणा' असं फोनवर सांगणाऱ्याला मी तज्ज्ञ म्हणणार नाही. नंतर काय झालं ते सांगा.

घाईतला_बातमीदार
सोमवारी ऑपरेशन. बुधवारी सकाळी घरी सोडलं. शुक्रवारी पोट फुगलं, दुखत होतं म्हणून परत नेलं तर ओपीडीत गॅसची आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवलं, ना सोनोग्राफी ना रक्त. रविवारी रात्री दुसरीकडे नेलं तेव्हा पोटात पित्त साठलेलं निघालं, मग आयसीयू. कार्डावर मात्र 'प्रकृती स्थिर' लिहिलंय. तिथल्या एका सिस्टरनी बुधवारच्या चार्टचा फोटो पाठवलाय, त्यात पल्स 118 आणि ताप आहे!!

जुनी_डेस्कवाली
अरे मग हे आधी सांगायचं ना! तुमची बातमी नळीची नाहीच, ती बुधवार ते रविवारची आहे. टेबलवर काय झालं ते ऑपरेशन नोट आणि असलंच तर रेकॉर्डिंग मिळाल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. पण बिघडत चाललेल्या पेशंटला कुणी कधी बघितलं, काय लिहिलं आणि काय केलं, हे कागदावर वेळेसकट सापडतं. पेशंटकडून सहीचा अर्ज करून पूर्ण केस पेपर मागवा: ऑपरेशन नोट, नर्सिंग नोट्स, ताप-पल्स-श्वासाचा टीपीआर चार्ट, पोटातलं पाणी बाहेर काढायची ड्रेनची नळी ठेवली असेल तर तिचा हिशोब, शुक्रवारचा ओपीडी पेपर. मग एकच वही करा, डावीकडे वेळ, उजवीकडे कागद काय म्हणतो आणि नवरा काय म्हणतो. दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा.

नाईट_ड्यूटी
तो फोटो छापू नका!! त्या वेळी वॉर्डात दोनतीनच सिस्टर असणार, अक्षरावरून अर्ध्या तासात नाव निघेल. आणि चार्टवर पेशंटचं नाव दिसतंय का?

घाईतला_बातमीदार
वरचा भाग कापलाय फोटोत.

नाईट_ड्यूटी
मग तो कुणाचाही असू शकतो. त्यावरून फक्त काय मागायचं ते कळलं, एवढंच.

टाका_घालणारा
चार्ट खरा असला तरी एका आकड्यावर उडी नको. 118 पल्स दुखण्यानं, पाणी कमी पडल्यानं पण होते. आधीच्या दोन दिवसांचे आकडे लावून बघा, चढत गेली का. या ऑपरेशननंतर पेशंट दुसऱ्या दिवसापासून सुधारायला हवा, उलट दुखणं वाढतंय, पोट फुगतंय, ताप येतोय तर पित्ताच्या गळतीची शंका घ्यायचीच असते. शुक्रवारी पोटाला हात लावल्याची नोंद आहे का हे मी सगळ्यात आधी बघेन.

मिरची_पावडर
डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात कधीच बोलणार नाही, हे साहेब पण आत्ता तेच करतायत. कॉम्प्लिकेशन म्हटलं की झालं, सगळं माफ.

टाका_घालणारा
शुक्रवारबद्दल मी जे लिहिलंय ते परत वाचा जरा.

जुनी_डेस्कवाली
मिरचीची शंका अगदीच खोटी नाहीये, ओळखीपाळखीत लोक बोलायचं टाळतात. म्हणून दोन तज्ज्ञ घ्या, याच शस्त्रक्रियेतले, त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेले आणि तुमचे मित्र नसलेले. दुसऱ्या हॉस्पिटलच्या सर्जनना तज्ज्ञ म्हणून वापरू नका, त्यांनी उघडल्यावर काय दिसलं याचे ते साक्षीदार आहेत, ते तेवढंच सांगू देत. मी एक करायचे, आधी शुक्रवारपर्यंतचेच कागद द्यायचे आणि विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं? शेवट आधीच कळला की सगळ्यांनाच चूक आधीपासून दिसत होती असं वाटायला लागतं. मग उरलेली फाइल द्यायची आणि विचारायचं, शुक्रवारी कळलं असतं तर फरक पडला असता का?

टाका_घालणारा
शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. नळी पूर्ण तुटली असेल तर दुरुस्तीचं मोठं ऑपरेशन लवकर कळूनही लागलंच असतं. उशिरामुळे काय वाढलं, तर बहुतेक इन्फेक्शन आणि आयसीयू. बातमीत हे वेगळं केलं नाही तर हॉस्पिटल तेवढ्यावरूनच तुम्हाला खोडून काढेल.

कायदेपंडित
पण उद्या पान आहे त्यांचं! आणि हॉस्पिटलला फोन केला होता ना, त्यांनी नकार दिला, बाजू घेतली गेली.

जुनी_डेस्कवाली
"तुमचं काय म्हणणं आहे" असा फोन म्हणजे बाजू घेणं नाही. लेखी पाठवा: बुधवारी सोडताना पल्स-ताप किती नोंदवला, कार्डावर स्थिर कशावरून लिहिलं, शुक्रवारी कुणी तपासलं, सोनोग्राफी का नाही. पूर्ण फाइल हातात आल्यावरच पाठवा, नाहीतर आकडे बघून त्यांना तुमच्या सिस्टर कळतील. सोबत पेशंटचं संमतीपत्र जोडा की हॉस्पिटल माझी माहिती या बातमीदाराला देऊ शकतं, मग गोपनीयतेचं कारण उरत नाही. कागद बघून उत्तर द्यायला दोनतीन दिवस द्या. तरी नाही बोलले तर कुठले प्रश्न पाठवले आणि उत्तर आलं नाही, हे तसंच लिहा. उद्याचं पान सोडा.

घाईतला_बातमीदार
संमतीपत्राचं बघतो, बाईंशी मी अजून बोललोच नाहीये, सगळं नवराच बोलतोय. पण सर्जनचं नाव घालायचं का नाही?

मिरची_पावडर
घालायलाच पाहिजे, नाहीतर पुढचा पेशंट तिथेच जाणार.

टाका_घालणारा
शुक्रवारी ओपीडीत सर्जन होते का कुणी ज्युनियर, ते तरी माहितीये का तुम्हाला?

जुनी_डेस्कवाली
मी तर आत्ता नाही घालणार. ज्याच्यावर कागद बोट दाखवत नाही त्याचं नाव कशाला. पण हॉस्पिटलचं नाव घालायचं का यावर माझं आणि माझ्या संपादकांचं कधीच जमलं नाही. आणि बाईंशी बोला आधी, बाकी सगळं नंतर.

सुनंदाची_आई
इन्शुरन्सला कळवलंत का?