मदत हवी आहे: तांत्रिक नसलेल्या मॅनेजरना कामाचा नमुना पाठवताना एक ओळ काय लिहावी?

पाऊलवाट:
बँकेत जमा झालेल्या रकमा बिलांशी जुळवणारी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली आहे. नोकरीचा निर्णय घेणाऱ्या बाई ऑपरेशन्स सांभाळतात, कोड वाचत नाहीत. त्यांनी एक नमुना आणि "हे का महत्त्वाचं" याची एक ओळ मागितली आहे. मी लिहिलंय: "पांडाज व फझी मॅचिंग वापरून रिकन्सिलिएशनची स्वयंचलित पाइपलाइन." पुरेल का? सोबत गिटहबची लिंक देतेय.

चौकटराजा:
तांत्रिक शब्द काढा आणि आकडा टाका, "८० टक्के वेळ वाचला" असा. मॅनेजर लोक आकडाच बघतात.

रेघोटी:
आकडा हवाच, पण नुसत्या टक्क्यांवरून कुणाचा, कशातला वेळ वाचला ते कळत नाही. आधी काय व्हायचं आणि आता काय होतं, ते लिहा. उदाहरणार्थ: "कोणती रक्कम कोणत्या बिलाची हे शोधण्यात हिशेबनिसाचा आठवड्यातला एक दिवस जायचा, आता न जुळलेल्या नोंदी तपासायला अर्धा तास पुरतो." यातले वेळ तुमच्या मोजणीप्रमाणे बदला. मोजलेच नसतील तर आकडा गाळा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

लिंकऐवजी एका पानाची पीडीएफ जोडा. डावीकडे बँकेच्या पाच-सहा कच्च्या नोंदी, उजवीकडे त्यांची जुळलेली बिलं. त्यात एक न जुळलेली नोंद मुद्दाम ठेवा: सारख्याच रकमेची दोन बिलं आली की स्क्रिप्ट अंदाज न करता ती माणसाकडे पाठवते, हे दिसू द्या. "चुकीचं जुळलं तर?" ही ऑपरेशन्सवाल्यांची खरी काळजी असते. नावं आणि रकमा मात्र बनावट घाला. नुसती नावं काळी करून भागत नाही, काळ्या पट्टीखालचा मजकूर पीडीएफमधून बरेचदा कॉपी करता येतो.

झुळूक:
मी डिझायनर आहे, मी तर आठ-दहा कामं पाठवते. एकच पाठवलं तर अनुभव कमी वाटणार नाही का?

रेघोटी:
तुमच्या क्षेत्रात विविधता बघतात, तिथे ते चालेल. इथे त्यांनी एकच मागितलाय.

पाऊलवाट:
रेपो प्रायव्हेट आहे. तरी पीडीएफखाली लिंक ठेवू का?

रेघोटी:
प्रायव्हेट रेपो परवानगी नसलेल्याला ४०४ दाखवतो. बाईंना वाटेल लिंकच चुकली. शिवाय कोड कंपनीच्या मालकीचा असेल तर तो उघडा करू नका. द्यायचीच असेल तर बनावट डेटावरचा, स्वतः नव्याने लिहिलेला छोटा रेपो द्या आणि लिंक इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. "हे का महत्त्वाचं" ही ओळ मेलच्या सुरुवातीलाच लिहा, फक्त पीडीएफमध्ये नको.

चौकटराजा:
टक्क्यांबद्दल पटलं. पण काम टीमचं असेल तर "मी" लिहायचं की "आम्ही"?

पाऊलवाट:
माझंही तिथेच अडलंय. जुळवणीचे नियम हिशेबनिसांनी सांगितले होते, कोड माझा. एका ओळीत दोन्ही बसत नाहीये.