मदत हवी आहे: गावातल्या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात श्रोत्यांना कोणते प्रश्न विचारावेत?

सातपुड्याचा_पायथा

नमस्कार मंडळी. मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी यावल तालुक्यातलं एक गाव मिळालंय. पुढच्या आठवड्यात तिथल्या समाजमंदिरात माझं पाऊण तासाचं सादरीकरण आहे. मानसिक त्रासाची लोकांना लाज का वाटते आणि मदत घ्यायला ते का कचरतात, असा विषय आहे. बचत गटाच्या बाया, ज्युनिअर कॉलेजची पोरं आणि थोडे शेतकरी मिळून साठेक जण येतील. नुसतं बोलत राहिलं तर लोक उठून जातात, म्हणून प्रश्न विचारत विषय पुढे न्यायचा विचार आहे. हे प्रश्न काढलेत:

१. तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरात मानसिक त्रास असलेलं माणूस आहे? हात वर करा.
२. आपल्या गावात अशा माणसाला लोक काय काय म्हणतात?
३. लोक डॉक्टरकडे का जात नाहीत?
४. एखाद्याला जगणं नकोसं झालंय हे घरच्यांना वेळीच कसं ओळखता आलं असतं?
५. अशा वेळी भगताकडे जावं की डॉक्टरकडे?

काल आशाताईंनी सांगितलं की गेल्या वर्षी गावातला एक तरुण शेतकरी आत्महत्येने गेला. त्याची आई आणि बायको बचत गटात आहेत आणि दोघीही येणार आहेत. तेव्हापासून हे प्रश्न पुन्हापुन्हा वाचतोय. कोणते ठेवू, कोणते काढू?

मंदार_धुळे

भाऊ, घाबरू नकोस. आत्महत्येबद्दल विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. विषय दडवून ठेवला की लाज आणखी वाढते. चौथा प्रश्न तर मी सगळ्यात आधी घेईन.

केळीबाग

पूर्वी आणि नंतर फॉर्म भरून घे. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. साठ जणांकडून भरून घेतलीस की प्रकल्प अहवालाला आकडेही मिळतील.

शैलजा_मानसकार्य

मी बरीच वर्षं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या शिबिरांत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मंदारदादांना. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते समोरासमोर एका माणसाला विचारण्याबद्दल आहे. तिथे विचारणारा उत्तर ऐकायला थांबतो आणि पुढचं बघतो. साठ जणांच्या सभेत तसं होत नाही. ज्याच्या मनात ते चाललंय तो गप्प बसून ऐकतो आणि तसाच घरी जातो. केळीबाग यांची प्रश्नावली दवाखान्यात उपयोगाची आहे, सतरंजीवर शेजारणीच्या मांडीला मांडी लावून भरायची ती नाही. तिच्या नवव्या प्रश्नात मरणाच्या विचारांबद्दल विचारलेलं असतं. कोणी तिथे ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली, तर त्याच संध्याकाळी त्या माणसापाशी कोण जाणार, हे ठरलेलं नसेल तर तो कागद वाटूच नये.

आता तुमचे प्रश्न. चौथा काढून टाका. शब्द मवाळ करून ठेवता येईल, असंही करू नका. ‘वेळीच ओळखता आलं असतं का’ हे त्या आईने वर्षभर स्वतःला विचारलं असणार. तुम्ही ते सभेत विचारलंत की उत्तरं गाव देणार: ‘जेवत नव्हता’, ‘शेतात एकटाच बसायचा’. म्हणजे तिच्यासमोर तिच्याच चुकांची यादी वाचली जाईल.

पहिला प्रश्नही नको. डोळे मिटून हात वर करायला सांगितलं तरी पोरं फटीतून बघतातच. हात वर केला तर घराचं नाव होतं, आणि नाही केला तर ‘हिच्याकडे तर आहे, लपवते’ अशी कुजबुज होते.

दुसरा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण मी सगळ्यात जास्त तोच बिघडताना पाहिलाय. आपल्याला लोकांना शरम वाटायला हवी असते, आणि होतं उलटंच. मागून एक पोरगा ओरडतो, ‘येडा व्हई गया!’ आणि सगळी सभा हसते. पुढे आणखी चार शब्द येतात, हसू वाढतं. जो गोळ्या खिशात ठेवून बसलाय, त्याला आपल्याबद्दल गाव काय म्हणतं ते तुमच्याच कार्यक्रमात माइकवर ऐकायला मिळतं. हाच प्रश्न फिरवून विचारा: ‘आपलं मन खचलेलं असताना कोणाचं कोणतं बोलणं ऐकून बरं वाटलं?’ बाया याला भरभरून उत्तरं देतात. एकीने सांगितलं होतं, ‘सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त दोन दिवस पाणी भरलं.’ पुढचा अर्धा तास सभा त्या एका वाक्याभोवती फिरली.

तिसऱ्याचंही तसंच. ‘का जात नाहीत’ विचारलं की कारणांची माळ लागते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की इथे कोणीच जात नाही, मग मी कसा जाऊ? ‘जाणं कशाने सोपं होईल?’ असं विचारा. उत्तरं कामाची येतात: सोबत कोण येईल, कोणत्या गाडीने जायचं, मजुरी बुडेल त्याचं काय, केसपेपर काढताना ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं.

वैजयंती_भुसावळ

शैलजाताई, हात वर करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्यावर बेतलंय. एका शाळेच्या पालक सभेत पाहुण्यांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता. माझ्या भावाला दहा वर्षांपासून त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, दुकान सांभाळतो. मी हात वर केला नाही, तरी पुढच्या रांगेतल्या दोघी वळून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यानंतर मी त्या शाळेतल्या कार्यक्रमांना गेलेच नाही.

विषय निघालाच आहे तर विचारते. भावाची सोयरीक जमतेय. मुलीकडच्यांना आजाराचं आधी सांगावं की नाही? घरात दोन तट पडलेत.

सातपुड्याचा_पायथा

शैलजाताई, मनापासून आभार. चार प्रश्नांचं चित्र स्पष्ट झालं. पण स्वतःबद्दल काहीच विचारायचं नाही, तर लोक बोलणार कशावर? आणि त्या दोघींना कार्यक्रमाला येऊ नका असं सांगावं का?

शैलजा_मानसकार्य

येऊ नका असं अजिबात सांगू नका, तोच बहिष्कार होईल. आशाताईंना घेऊन आधी त्यांच्या घरी जा. विषय काय आहे, किती वेळ चालेल आणि आत्महत्येवर चर्चा होणार नाही, एवढं सांगा. यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. आल्याच तर मंचावरून त्यांचा उल्लेख नको, धीराचं कौतुकही नको. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा की मधे उठून जायला हरकत नाही, पाणी बाहेर ठेवलंय. पाणी बाहेर असलं की उठायला निमित्त मिळतं. आशाताईंना दाराजवळ बसवा, कोणी रडत बाहेर गेलं तर त्या मागे जातील.

बोलायला एक काल्पनिक माणूस द्या. गावात कोणाशी जुळणार नाही असा निवडा. शेतकरी नको, कर्ज नको, तरुण मुलगा नको. समजा शहाद्याची एक शिवणकाम करणारी बाई, वय पंचेचाळीस, नाव ‘मालती’. या नावाची बाई गावात नाही ना, हे आशाताईंकडून खात्री करून घ्या. दोन महिने तिला पहाटे तीनला जाग येते. आलेलं कापड तसंच पडून आहे. हळदीकुंकवाला जाणं सोडलंय. ‘काही नाही, अंगात कणकण आहे’ असं म्हणते. एवढंच सांगून थांबा आणि विचारा: मालतीत काय बदललं? हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? तुम्ही तिची शेजारीण असाल तर पहिलं वाक्य काय बोलाल?

त्यानंतर गोष्ट पुढे न्या. मालती दवाखान्यात जायला तयार झाली. सोबत कोण जाईल? दुकानातल्या गिऱ्हाइकांना काय सांगायचं? आणि घरी आल्यावर जाऊबाई म्हणाली, ‘गोळ्यांची सवय लागते,’ तर? गोळ्यांवर लोक हमखास अडतात, तेव्हा तिथे वेळ राखून ठेवा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत लोक ‘फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही मनाने बंद करायच्या नाहीत, हे इथेच सांगून टाका.

गोष्टीचा शेवट मात्र खरा ठेवा. मालती टवटवीत झाली, असं नको. झोप सुधारली, एक ब्लाउज शिवून दिला, पुढच्या तारखेला परत जायचंय, इतकं पुरे.

वैजयंतीताई, याचं उत्तर या धाग्यात एका ओळीत देणं बरोबर होणार नाही. भावाच्या डॉक्टरांसमोर भावाला बसवून बोला. लग्न त्याचं आहे, तेव्हा काय सांगायचं यात त्याचा शब्द पहिला.

मंदार_धुळे

समोरासमोर आणि सभेतला फरक पटला ताई. पण मरणाचा विषय पूर्ण वगळला, तर ज्याला खरंच गरज आहे तो रिकाम्या हाताने जाईल ना?

शैलजा_मानसकार्य

त्याला माहिती द्यायची, फक्त प्रश्नाच्या रूपात नाही. शेवटच्या प्रश्नाच्या आधी एकदाच, शांतपणे सांगायचं: ‘कधी कधी जगणं नको वाटण्याइतका त्रास होतो. असं झालं तर रात्री दोन वाजताही १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करता येतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.’ नंबर फळ्यावर सुरुवातीपासून लिहिलेला असू द्या, म्हणजे उतरवून घेणाऱ्याकडे कोणी बघत नाही. कोणी कसं केलं, कशाने केलं, याचा शब्दही नको. शेतात वापरायच्या औषधांची नावं तर नकोच.

केळीबाग

फॉर्मचं म्हणणं मागे घेतो. मग चिठ्ठ्या चालतील का? नाव न लिहिता प्रश्न टाकायचे आणि सर वाचून दाखवतील.

शैलजा_मानसकार्य

चालतील, पण लहान गावात अक्षर ओळखतात. प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि प्रत्येकाने डब्यात टाकायची, कोरी असली तरी. म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. तिथल्या तिथे वाचू नका, आधी आशाताई आणि तुम्ही चाळून घ्या. एखादीत ‘मला जगायचं नाही’ असं निघालं, तर नाव नसल्याने तुम्ही तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. ‘इथे कोणीतरी असं लिहिलंय’ असंही म्हणायचं नाही, नाहीतर गाव शोधाशोध करतं. सगळ्यांना उद्देशून नंबर परत सांगायचा आणि ‘कार्यक्रमानंतर तासभर आम्ही इथेच बसलोय’ म्हणायचं. तासभर खरंच बसावं लागतं. बोलायचं असणारं माणूस पहिल्या दहा मिनिटांत येत नाही, गर्दी पांगल्यावर चपला शोधत रेंगाळतं.

रानपाखरू_चोपडा

भगताच्या प्रश्नाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या पाड्यांवर पहिले भगतच. मास्तर लोक येऊन ‘अंधश्रद्धा’ म्हणतात, माणसं मान हलवतात आणि संध्याकाळी तिकडेच जातात. ‘हे की ते’ असं विचारलंस तर म्हातारी माणसं गप्प होतील. ‘बरं वाटावं म्हणून आपण काय काय करतो?’ असं विचार. भगताचं नाव आपोआप निघेल. मग एवढंच सांग की तिकडे गेलात तरी गोळ्या थांबवू नका, आणि कोणाला बांधून ठेवू नका, मारू नका.

शैलजा_मानसकार्य

प्रश्न तुमचा चांगला आहे, मी तोच वापरेन. मात्र ‘तिकडे गेलात तरी’ हे मंचावरून सांगायला माझं मन धजत नाही. उपचार महिनोन्‌महिने लांबलेली माणसं मी पाहिलीत. त्याच वेळी, नाही म्हटलं की माणसं आपल्यापासूनच तुटतात, हेही पाहिलंय. यावर आमच्या टीममध्येही एकमत नव्हतं.

सातपुड्याचा_पायथा

भगताचा प्रश्न रानपाखरूदादांनी सांगितला तसा घेतो. गोळ्यांचं वाक्य आशाताई त्यांच्या भाषेत सांगतील, त्यांचं गाव ऐकतं. मालतीबद्दल त्यांना विचारलं तर गावात दोन मालती निघाल्या, म्हणून नाव ‘शकुंतला’ केलंय. उद्या दुपारी त्या दोघींच्या घरी जातोय. एक राहिलंच: जळगावच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, पण यावलच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात का आणि कोणत्या वारी, हे अलीकडे तिथे गेलेल्या कोणी सांगेल का? फळ्यावर चुकीचा वार लिहायचा नाहीये.

केळीबाग

माझी वहिनी तिथे परिचारिका आहे. रात्री विचारून इथेच लिहितो.