सल्ला हवा: आयफोनची किचेन पुरे की वेगळा पासवर्ड मॅनेजर घ्यावा?

निपाणीचा_हिशेबनीस
नमस्कार मंडळी. फोन आयफोन १३, लॅपटॉप विंडोजचा. दुकानदारांचं जीएसटी, इन्कमटॅक्स भरून देतो. स्वतःचे आणि गिऱ्हाइकांचे मिळून दीडशेवर पासवर्ड झालेत, सगळे किचेनमध्ये. लॅपटॉपवर आयक्लाउड आणि क्रोमचं एक्स्टेन्शन घातलंय, पण क्रोम बंद करून उघडलं की परत सहा आकडी कोड घाला म्हणतंय. डोकं फिरूलालंय. ऑफिसातल्या मुलीकडं अँड्रॉइड आहे. वेगळा मॅनेजर घेऊ का? वर्षाला ५०० रुपयांच्या वर जमणार नाही.

टिळकवाडी_मॅकवाला
मॅकबुक घ्या, विषय संपला. बोट ठेवलं की पासवर्ड भरतो, कोडबिड नाही. चार वर्षं वापरतोय.

निपाणीचा_हिशेबनीस
५०० म्हणालो ओ, ५०,००० नव्हे.

खानापूरचा_भाऊ
किचेन म्हणजे तुमचं सगळं ॲपलच्या सर्व्हरवर, त्यांना दिसतंच की. आणि ते वेगळे मॅनेजर फुकट घेतले तर फक्त फोनवर नाहीतर फक्त लॅपटॉपवर चालतात. त्यापेक्षा वही बरी.

शहापूर_सर्व्हररूम
भाऊ, दोन्ही अर्धं खरं. किचेनमधले पासवर्ड ॲपलच्या सर्व्हरवर असतात, पण कुलूपबंद. किल्ली तुमच्या यंत्रांकडं असते, ॲपलला वाचता येत नाही. फुकटवाली ती अट लास्टपासची, २०२१ पासूनची. बिटवॉर्डन फुकटात कितीही यंत्रांवर चालतो आणि दोघांत काही पासवर्ड वाटूनही घेता येतात. म्हणजे हिशेबनीस, तुमचं काम शून्य रुपयात होतंय.

खरा प्रश्न वेगळा आहे. उद्या फोन हरवला तर? नव्या आयफोनवर किचेन परत आणायला ॲपलचा पासवर्ड लागतो, विश्वासू नंबरवर आलेला कोड लागतो, आणि वर जुन्या फोनचा पासकोडही. पासकोड दहा वेळा चुकला की ती साठवण ॲपलकडूनच पुसली जाते. मॅक असेल तर कोड त्याच्यावर येतो. विंडोजचा लॅपटॉप ॲपलच्या लेखी विश्वासू यंत्र नाही, त्यावर कोड येत नाही. म्हणजे तुमच्याकडं दार एकच, आणि किल्ली खिशातल्या सिमकार्डात. तेवढ्यापुरता मॅकवाला बरोबर आहे.

टिळकवाडी_मॅकवाला
मी तेच म्हणालो.

चिकोडी_ट्रॅक्टर्स
हे माझ्यावर बेतलंय. बेळगावात बस स्टँडवर फोन गेला. नवा घेतला, पासवर्ड आठवत होता, पासकोड आठवत होता. पण कोड जाणार त्याच हरवलेल्या नंबरवर, आणि सिम वडिलांच्या नावावर. ते वारून तीन वर्षं झालीत. दुकानवाला म्हणाला मृत्यूचा दाखला आणा, वारसाचे कागद आणा. अकरा दिवस बँकेचं ॲप नाही, काही नाही. तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

हिंडलग्याची_मावशी
वेगळ्या मॅनेजरचं कौतुक ऐकून मीही घेतला. मोठा मास्टर पासवर्ड ठेवला. फोनवर बोटानं उघडायचा म्हणून तो कधी टाइपच केला नाही. गणपतीला भाच्यानं फोन साफ करून दिला, आणि मला पासवर्ड आठवेना! कंपनीला ईमेल केला तर म्हणे आमच्याकडंही नाही, खातं पुसून नवं काढा. सगळं गेलं, पाककृतींचं खातंसुद्धा.

शहापूर_सर्व्हररूम
मावशी, मास्टर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायचा असतो. हिशेबनीस, माझं मत असं: स्वतःचं किचेनमध्ये राहू द्या, गिऱ्हाइकांचं बिटवॉर्डनमध्ये घाला. ते पासवर्ड तुमचे नाहीत, उद्या तुम्ही रजेवर असताना मुलीला लागतील, तुम्ही आजारी पडलात तरी लागतील. हलवताना सीएसव्ही फाइल निघते, ती साध्या मजकुराची असते. काम झालं की रिसायकल बिनमधूनसुद्धा काढा.

खानापूरचा_भाऊ
वहीला सीएसव्ही लागत नाही.

निपाणीचा_हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. काल बसून बघितलं. सिम माझ्याच नावावर निघालं. विश्वासू नंबरांत बायकोचा नंबर घातला, तो वेगळ्या कंपनीचा आहे. पासकोड आणि ॲपलचा पासवर्ड लिहून पाकीट सासऱ्यांच्या कपाटात ठेवलं.

मॅनेजर मात्र घेत नाही. मावशींचं वाचून धीर होईना. मुलीला रोज लागणारे नऊ-दहा पासवर्ड आहेत, ते रजिस्टरात लिहून ड्रॉवरला कुलूप लावलं. कोड घालत बसेन, क्रोम बंदच करत नाही आता.

शहापूर_सर्व्हररूम
म्हणजे सगळं सांगून शेवटी वहीच. गिऱ्हाइकानं पासवर्ड बदलला की रजिस्टरात कोण बदलणार? आणि क्रोम उघडं टाकून चहाला गेलात तर दीडशे दुकानदार टेबलावर पडलेत म्हणा. निदान विंडोजला लॉक तरी लावत जा.

खानापूरचा_भाऊ
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चिकोडी_ट्रॅक्टर्स
सिमचं कुणी केलंय का हो नावावर? माझं अजून वडिलांच्याच नावावर आहे. बेळगावात कुठल्या दुकानात लवकर होतं?